काजूचा कारखाना आणि तिघांचा पैसा: प्रोप्रायटर, भागीदारी, प्रायव्हेट लिमिटेड की एलएलपी?

नवा धंदा काढणारा माणूस प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून घ्यायला येतो, तेव्हा त्याला मशिनरीचं कोटेशन कधी दाखवू असं झालेलं असतं. मी आधी विचारतो, "माल उधारीवर किती घेणार?" बेळगावात हे काम करून माझं एक मत पक्कं झालंय. धंदा कुठल्या कायद्याखाली उभा करायचा, हे त्या एका उत्तरावर निम्मं ठरतं. उरलेलं निम्मं, पैसे घालणारे किती आणि त्यांतले राबणारे किती, यावर.

लोक मात्र उलट्या बाजूनं येतात. "एलएलपी करायची, चांगली असते म्हणे." कुणाच्या तरी भाच्यानं सांगितलेलं असतं. एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, एवढं आधी धरून चला. म्हणून इथं एकच उदाहरण घेतो आणि ते चारही वाटांवरून चालवून बघतो. आकडे उदाहरणासाठी सोयीचे धरलेत, पण असा हिशेब आपल्या भागात रोज मांडला जातो.

उदाहरण

खानापूर तालुक्यातले तिघं. पहिला चंदगडकडच्या काजू कारखान्यात बारा वर्षं सुपरवायझर होता. बी उकडण्यापासून कटिंग, ड्रायर, पीलिंग, ग्रेडिंगपर्यंत सगळं त्याच्या हातातलं. त्याच्याकडं ३ लाख. दुसरा त्याचा मामेभाऊ. गावात रस्त्याला लागून बिनशेती झालेली जागा आणि तयार शेड आहे, पण उताऱ्यावर नाव वडिलांचं. तो ४ लाख घालणार आणि खरेदी बघणार. तिसरा दोघांचा वर्गमित्र, पुण्यात नोकरीला. तो ५ लाख देणार, पण महिन्यातून एकदासुद्धा येईल की नाही शंका. त्याला इथं पुणेकर म्हणू.

मशिनरी आणि वायरिंग मिळून १४ लाख. खरा पैसा बीमध्ये अडकतो. बी मार्च ते मे या तीन महिन्यांत येते आणि कारखाना वर्षभर चालवायचा तर तेव्हाच घेऊन, वाळवून, गोदामात भरावी लागते. ४० टन बी, किलोला १३० रुपये धरले, तर ५२ लाख झाले. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो, चांगल्या बीतून थोडा जास्त. तो विकून वर्षाची उलाढाल ७० लाखांच्या आसपास जाते.

तिघांचे १२ लाख, बँकेचं मुदत कर्ज १० लाख, बँकेचीच सीसी, म्हणजे मालावर मिळणारं फिरतं कर्ज, २५ लाख. राहिलेल्या १९ लाखांपैकी चारेक लाख सीझनला ओळखीतून उचलायचे, आणि सुमारे १५ लाख बीच्या व्यापाऱ्यांची उधारी. गणपतीनंतर देतो म्हणून घेतलेली.

हे १५ लाख लक्षात ठेवा.

पायरी १: बुडालं तर वसुली कुठपर्यंत येते, ते आधी लिहा

समजा बी १३० नं घेतली आणि दिवाळीच्या आधी गराचा भाव पडला. गोदामात माल आहे, विकला तर तोटा, न विकला तर बँकेचं व्याज. व्यापारी दारात.

प्रोप्रायटरशिपमध्ये धंदा आणि मालक कायद्याला एकच. पॅन तोच, कर्ज त्याचंच. व्यापाऱ्यानं दावा जिंकला तर सुपरवायझरचं घर, गाडी, बँकेतली ठेव, सगळ्यापर्यंत तो पोचू शकतो.

भागीदारीत हेच तिघांच्या बाबतीत होतं, आणि इथं लोक सर्वांत जास्त फसतात. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे. त्यात फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकत्रितपणे आणि एकेकटाही पूर्णपणे जबाबदार असतो. करारात पुणेकराचा हिस्सा २० टक्के लिहिला म्हणून त्याच्याकडून २० टक्केच वसूल होईल असं नाही. ती वाटणी तिघांच्या आपसातली. व्यापारी १५ लाख पूर्ण एकट्या पुणेकराकडं मागू शकतो, आणि मागणारही त्याच्याकडंच, कारण पगार आणि फ्लॅट त्याच्याकडंच आहे. आपले दहा-बारा लाख दुसऱ्या दोघांकडून वसूल करणं ही मग त्याची डोकेदुखी. ज्यानं कारखाना धड पाहिलाही नाही, त्याच्या गळ्यात सगळी उधारी.

एलएलपी (२००८ चा कायदा) आणि प्रायव्हेट लिमिटेड (२०१३ चा कंपनी कायदा) या दोन्हींत संस्था वेगळी, माणसं वेगळी. उधारी संस्थेची. संस्थेची मशिनरी, माल, येणी संपली की व्यापाऱ्याची वसुली तिथं थांबते. भागीदार किंवा भागधारक कबूल केलेल्या भांडवलापुरता बुडतो. कुणी जाणूनबुजून फसवणूक केली तर ही गोष्ट लागू होत नाही.

पण या कुंपणाला दोन मोठी भगदाडं आहेत आणि ती कुणी सांगत नाही.

पहिलं बँकेचं. छोट्या युनिटला कर्ज देताना बँक भागीदारांची किंवा संचालकांची वैयक्तिक हमी घेते. सीजीटीएमएसईची सरकारी हमी मिळाली तर जागा तारण ठेवावी लागत नाही, बाहेरचा जामीनदार लागत नाही, पण मालकांची स्वतःची सही बँक घेतेच. म्हणजे आपल्या उदाहरणात बँकेचे ३५ लाख तुम्ही कंपनी करा नाही तर एलएलपी, तुमच्या अंगावर आहेतच. मर्यादित जबाबदारीचा खरा उपयोग व्यापाऱ्यांच्या १५ लाखांना, आणि मालात खोट निघाली म्हणून गिऱ्हाइकानं केलेल्या दाव्याला.

दुसरं करांचं. जीएसटीच्या कायद्यात थकबाकीसाठी एलएलपीसुद्धा फर्मच धरली जाते आणि भागीदारांकडून वसुली होऊ शकते. प्रायव्हेट कंपनीच्या संचालकांकडूनही होऊ शकते. आपल्या हलगर्जीमुळं कर थकला नाही, हे त्यांना सिद्ध करावं लागतं. काजूवाल्यांना तर हे जवळचं: शेतकऱ्याकडून थेट सालासकट बी घेतली तर तिच्यावरचा जीएसटी घेणाऱ्यानं भरायचा असतो. तो भरायचा राहिला आणि दोन वर्षांनी नोटीस आली, की "आमची तर एलएलपी आहे" हे उत्तर चालत नाही.

म्हणून आराखडा लिहायला घेण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: बँकेचं देणं किती, व्यापाऱ्यांचं किती, सरकारचं किती. मधली ओळ जाड असेल तर एलएलपी किंवा कंपनीचा विचार करा. ती शून्य असेल, म्हणजे सगळी खरेदी रोखीनं, तर त्या खटाटोपाला तितका अर्थ नाही.

पायरी २: एकट्यानं करायचं शक्य आहे का, ते प्रामाणिकपणे बघा

पुणेकराला मालक व्हायचंय, की नुसते पैसे देऊन व्याज हवंय? हा प्रश्न तिघांनी समोरासमोर बसून एकमेकांना विचारलेला नसतो. मैत्रीत विचारायला अवघड जातं, म्हणून मी विचारतो.

त्याला फक्त व्याज हवं असेल तर चित्रच बदलतं. सुपरवायझर प्रोप्रायटर होतो. पुणेकराचे ५ लाख चेकनं किंवा ऑनलाइन उसने घेतले जातात, साध्या करारावर. २० हजार किंवा त्यावरचं कर्ज रोखीत घेऊ नका, आयकराचा दंड कर्जाच्या रकमेइतका असतो. बँक अशा उसनवारीला स्वतःच्या भांडवलासारखं धरायला तयार होते, पण एक हमीपत्र मागते: बँकेचं कर्ज फिटेपर्यंत हे पैसे परत काढणार नाही. पुणेकराला हे आधी सांगा. नाही तर दुसऱ्या वर्षी तो फ्लॅटसाठी पैसे मागेल आणि देता येणार नाहीत.

एकट्याच्या वाटेचा दुसरा फायदा अनुदानाचा. पीएमईजीपी या केंद्राच्या अनुदान योजनेच्या नियमांत अर्जदार म्हणून व्यक्ती, बचत गट, सहकारी संस्था, ट्रस्ट असे बसतात. भागीदारी फर्म, एलएलपी, कंपनी बसत नाही. उत्पादन युनिटचा प्रकल्प खर्च ५० लाखांपर्यंत धरतात, आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, महिला व राखीव गटांना ३५ टक्के अनुदान ठरलेलं आहे. ते लगेच हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. शिवाय कुटुंबातल्या एकालाच मिळतं आणि आधीच सुरू असलेल्या युनिटला मिळत नाही. योजना चालू आहे का, हे अर्जाच्या दिवशी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. इथं मी अनेकांना पस्तावताना पाहिलंय. घाईनं एलएलपी नोंदवली, जीएसटी घेतला, चार बिलं फाडली आणि मग अनुदानाचं कळलं.

उदाहरणातल्या पुणेकराला मात्र हिस्साच हवाय. म्हणून पुढं जाऊ.

पायरी ३: कर किती, हे एकदाच मांडा आणि त्यावर अडून बसू नका

समजा बँकेचं व्याज आणि घसारा जाऊन, पण तिघांना काही देण्याआधी, नफा ८ लाख.

प्रोप्रायटरला, त्याचं दुसरं उत्पन्न नसेल तर, नव्या करपद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर शून्य.

फर्म आणि एलएलपी यांना सारखाच नियम: ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, पहिल्या रुपयापासून. पण भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज आणि राबणाऱ्या भागीदारांचा पगार आधी वजा होतो. १२ लाखांवर व्याज १ लाख ४४ हजार. राहिले ६ लाख ५६ हजार. या नफ्यावर पगाराची कमाल मर्यादा सुमारे ५ लाख ७३ हजार येते. सुपरवायझरला महिना ३० हजार आणि मामेभावाला १५ हजार दिले की ५ लाख ४० हजार, म्हणजे मर्यादेत. उरलेल्या १ लाख १६ हजारांवर कर साधारण ३६ हजार. पुणेकर राबत नाही, त्याला पगार चालत नाही, फक्त व्याज आणि नफ्याचा हिस्सा. हिस्सा त्याच्या हातात करमुक्त. एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला २० हजारांवर दिलेल्या पगार-व्याजावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, हे बहुतेक जुन्या फर्मांना अजून अंगवळणी पडलेलं नाही.

कंपनीत पगार तोच ठेवला, तर २ लाख ६० हजार उरतात. कमी दराचा पर्याय घेतला की अधिभार-सेससह सुमारे २५.१७ टक्के, म्हणजे ६५ हजार. शिवाय उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला की तो घेणाऱ्याच्या हातात परत करपात्र.

एलएलपी आणि कंपनीतला फरक वर्षाला तीसेक हजारांचा. नफा वाढून तो धंद्यातच ठेवायचा झाला की पारडं कंपनीकडं झुकायला लागतं, कारण तिचा दर कमी. पण पहिल्या दोन वर्षांत करावरून निवड करू नका.

पायरी ४: तिघांचा करार, आणि तो नसला तर काय

उदाहरणासाठी मी एलएलपी सुचवीन. कंपनी का नाही? कंपनीला उलाढाल कितीही असो, पहिल्या वर्षापासून ऑडिट लागतं. भांडवल जमा झाल्याचं कळवून १८० दिवसांत धंदा सुरू केल्याची घोषणा द्यावी लागते. वार्षिक फॉर्म उशिरा भरले तर फॉर्ममागं रोज १०० रुपये विलंब शुल्क, कमाल मर्यादेशिवाय. एलएलपीला ऑडिट ४० लाखांच्या उलाढालीपुढं किंवा २५ लाखांच्या भांडवलापुढं लागतं. आपल्याला ७० लाखांमुळं लागेलच, पण बाकी सभा-ठराव-रजिस्टरं बरीच कमी. आणि एक गोष्ट काजूवाल्यांनी लक्षात ठेवावी: सीझनला चार लाख कमी पडले की आपण मित्राकडून, शेजाऱ्याकडून उचलतो. प्रायव्हेट कंपनीला असं बाहेरच्या माणसाकडून उसनं घेता येत नाही, ती ठेव ठरते. संचालकाचे स्वतःचे पैसे किंवा त्याच्या नातेवाइकाचे, तेही लेखी घेऊन, हे चालतं; भागधारकांकडून घ्यायलाही अटी आहेत. गावाकडच्या धंद्याला हा नियम फार आवळतो.

उद्या बाहेरचा गुंतवणूकदार १० टक्के हिस्सा घ्यायला आला तर मात्र कंपनीच लागेल. तोवर नको.

नोंदणीचा क्रम असा. निदान दोघं नियुक्त भागीदार ठरवायचे. इथं सुपरवायझर आणि मामेभाऊ. दोघांची डिजिटल सही. मग कंपनी मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर FiLLiP फॉर्म. नाव राखून ठेवणं, भागीदार क्रमांक, नोंदणी सगळं त्यातच होतं. पुणेकर साधा भागीदार, नियुक्त नाही. वार्षिक फॉर्म वेळेवर न भरल्याची जबाबदारी नियुक्त भागीदारांवर येते, दुसरीकडं राहणाऱ्याला त्यात कशाला अडकवायचं.

नोंदणीचा दाखला आला की लोक पेढे वाटतात आणि थांबतात. खरं काम पुढं आहे. भागीदारांचा करार स्टँप पेपरवर करून ३० दिवसांत Form 3 मध्ये चढवायचा असतो. तो केला नाही तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले नियम लागू होतात, आणि ते काय म्हणतात बघा: नफा सगळ्यांना सारखा, आणि काम केल्याबद्दल कुणालाही पगार नाही. म्हणजे सुपरवायझर पहाटेपासून बॉयलरजवळ उभा, पगार शून्य, आणि पुणेकराला एक तृतीयांश नफा. आयकरातही तो पगार वजा मिळणार नाही, कारण करारात नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यातही नेमकं हेच आहे. तिघांची दोस्ती फुटते ती तोट्यामुळं कमी आणि या न लिहिलेल्या ओळीमुळं जास्त.

करारात या गोष्टी आकड्यांनिशी हव्यात: कुणी किती आणि कधी भांडवल घालायचं, नफ्याची वाटणी, पगार आणि व्याजाचा दर, एका वेळी किती रकमेवरची उधारी दोघांच्या सहीशिवाय घ्यायची नाही (आपल्या उदाहरणात मी २ लाख लिहीन), आणि बाहेर पडणाऱ्याला पैसे कसे मिळणार. शेवटच्या मुद्द्याला वेळ द्या. पुणेकर तिसऱ्या वर्षी म्हणाला "माझे पाच लाख द्या", आणि तो महिना एप्रिल असला, तर बी घ्यायची की त्याला द्यायचं? म्हणून लिहा: सहा महिन्यांची पूर्वसूचना, ३१ मार्चच्या ताळेबंदावरून किंमत, चार समान हप्ते, मार्च ते जून हप्ता नाही.

कुणी साधी भागीदारीच करणार असेल, म्हणजे सख्खे भाऊ, रोखीची खरेदी, तर हरकत नाही. पण फर्मची नोंदणी करून घ्या. सक्ती नाही म्हणून लोक टाळतात. नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून निघालेल्या येण्यासाठी कोर्टात दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कुणीही लावू शकतो. माझ्याकडं एक फर्म आली होती, चार लाखांचा गर नेलेलं गिऱ्हाईक फोन उचलेना. दावा लावण्याआधी नोंदणी करता येते, तशी केली, पण त्यात महिने गेले. आणि भागीदार बाहेर पडला तर जाहीर सूचना द्यायला विसरू नका. नाही तर जुन्या ओळखीवर माल देणारा व्यापारी त्यालाही धरतो.

पायरी ५: सीमेवरच्या खास अडचणी

नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यासाठी भाडेकरार, जागामालकाचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल लागतं. हेस्कॉमच्या बिलावर वडिलांचं नाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना काहीतरी वेगळं झालेलं असतं, आधारवर तिसरंच, उताऱ्यावर चौथं. अर्ज परत येण्याचं हे कारण मी सर्वांत जास्त पाहिलंय. आधी बिलावरचं नाव दुरुस्त करून घ्या, मगच फॉर्मला हात लावा.

जागा एलएलपीत भांडवल म्हणून घालू नका. वडिलांची जागा वडिलांच्याच नावावर राहू द्या आणि एलएलपीनं ती भाड्यानं घ्यावी. अकरा महिन्यांचा करार बँकेला पुरत नाही. तिला कर्जाच्या मुदतीइतका हवा असतो, आणि वर्षाच्या वरचा भाडेकरार सबरजिस्ट्रारकडं नोंदवावा लागतो. तो खर्च प्रकल्प खर्चात धरा. करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये झाला तरी त्याचं मराठी करून वडिलांना वाचून दाखवा. अंगठा नाही तर सही त्यांची आहे.

दुसरी गोष्ट राज्याची. जीएसटी क्रमांक राज्यागणिक वेगळा असतो. कर्नाटकाचा २९ नं सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ नं. चंदगडकडून बी विकत आणायला काही अडचण नाही, पण तिकडं गोदाम भाड्यानं घेऊन साठवलीत तर तिकडचाही क्रमांक लागेल, आणि स्वतःच्याच एका गोदामातून दुसऱ्यात माल आणताना आंतरराज्य बिल करावं लागेल. "शिनोळीला जागा स्वस्त मिळतेय, नोंदणी तिकडं करू का?" असं हमखास विचारतात. प्रोप्रायटरनं राज्य बदललं तर नवा जीएसटी क्रमांक घेतला की बरंचसं झालं. कंपनीला नोंदणीकृत कार्यालय एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचं तर केंद्राच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते. एलएलपीला तेवढं नाही, पण वर्तमानपत्रात जाहिरात आणि इतर सोपस्कार आहेतच. बेळगावची संस्था बेंगळुरूच्या निबंधकाकडं असते, चंदगडची पुण्याच्या. म्हणून संस्था करणार असाल तर शेड कुठं राहणार ते आधी ठरवा.

पायरी ६: आराखड्यात हे लिहायचं कसं

बहुतेक रिपोर्टांत या मुद्द्याला एक ओळ मिळते: "प्रवर्तकांनी एलएलपी हा प्रकार निवडला आहे कारण त्याचे अनेक फायदे आहेत." बँकेतला माणूस ती वाचतसुद्धा नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात: कर्जाला कोण बांधलेलं आहे, पैसा खरंच कुणाचा, सही कुणाची चालेल, आणि एक जण गेला तर धंदा चालेल का. त्या क्रमानं लिहा. आपल्या तिघांसाठी मी असं लिहीन:

"प्रस्तावित संस्था एलएलपी असून तिचं नोंदणीकृत कार्यालय खानापूर तालुक्यात आहे. भागीदार तीन. पहिले नियुक्त भागीदार उत्पादन पाहतील, काजू प्रक्रियेचा बारा वर्षांचा अनुभव, भांडवल ३ लाख. दुसरे नियुक्त भागीदार खरेदी व जागा पाहतील, भांडवल ४ लाख. तिसरे भागीदार दैनंदिन कामात नसतील, भांडवल ५ लाख, स्रोत पगारातील बचत, बँक उतारा जोडला आहे. सीझनमध्ये सुमारे १५ लाखांची खरेदी उधारीवर होणार असल्यानं, आणि तीनपैकी एक भागीदार कामात नसल्यानं, जबाबदारी भांडवलापुरती मर्यादित ठेवणारा प्रकार निवडला आहे. बँकेच्या कर्जाला दोन्ही नियुक्त भागीदार वैयक्तिक हमी देतील. २ लाखांवरील उधारीला दोघांच्या सह्या लागतील. जागा भागीदाराच्या वडिलांची, नोंदणीकृत भाडेकरार सात वर्षांचा. कर्जाच्या मुदतीत कोणीही भागीदार भांडवल काढणार नाही."

बँक तिसऱ्याचीही हमी मागू शकते. ती द्यायची की नाही, हे पुणेकरानं अर्ज करण्याआधी ठरवलेलं हवं. मॅनेजरच्या टेबलासमोर बसून नव्हे. शेवटचं वाक्य आणि कराराचं बाहेर पडण्याचं कलम एकमेकांशी जुळतात का, तेही तपासा. कर्ज सात वर्षांचं आणि करारात सहा महिन्यांच्या सूचनेवर पैसे परत, असं असेल तर करारात "बँकेच्या संमतीनंतरच" हे शब्द घालावे लागतील. हे न जुळलेले रिपोर्ट परत येतात.

खर्चाच्या तक्त्यात नोंदणी, डिजिटल सह्या, स्टँप आणि दरवर्षीचं ऑडिट धरा. वर्षाच्या तारखाही तिथंच टाका: वार्षिक विवरण ३० मे पर्यंत, हिशेब व पतक्षमतेचं विवरण ३० ऑक्टोबरपर्यंत. पहिली तारीख नेमकी बी खरेदीच्या ऐन गर्दीत येते, म्हणून हे काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सीएकडं देऊन मोकळं व्हा.

आणि एक परिच्छेद पुढच्या बदलाबद्दल लिहा, पण मोजका. प्रोप्रायटर म्हणून सुरुवात करून नंतर एलएलपी किंवा कंपनी करता येते, पण पॅन बदलतो. त्यासोबत जीएसटी क्रमांक, अन्नपरवाना, बँक खातं, गिऱ्हाइकाकडची नोंद सगळं नव्यानं. शिल्लक इनपुट क्रेडिट नव्या क्रमांकावर हलवण्यासाठी GST ITC-02 हा फॉर्म असतो, तो विसरला तर ते पैसे लटकतात. बदल ३१ मार्चला करायची बऱ्याच जणांना हौस असते, वर्ष नीट संपतं म्हणून. काजूत तेव्हा गोदाम भरत असतं. आमच्याकडं तो बदल जानेवारीत करतात, साठा कमीत कमी असताना, म्हणजे मोजायला आणि हलवायला थोडाच माल उरतो.